नवरी कोणती? एका जुन्या लग्नफोटोतली माणसं ओळखण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा भागातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाकडे गावातल्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतले आणि काही घरांतले फोटो जमा झालेले आहेत. त्यांची नोंद करण्याचं काम आमचा चार-पाच जणांचा गट करतो. इथे ज्या फोटोबद्दल लिहिलं आहे तो १९३० च्या आसपासचा, एका ब्राह्मण घरातल्या लग्नाचा. संबंधित घरं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत.

फोटो अंगणातल्या मांडवात काढलेला आहे. घरात उजेड अपुरा पडत असल्याने तेव्हाचे फोटोग्राफर शक्यतो अंगणातच कॅमेरा लावत. पुढे जमिनीवर पाटांवर बसलेली काही माणसं, त्यांच्यामागे काही उभी, सगळ्यात मागे खुर्च्यांवर कोट-पगडीतले चौघे आणि एका कडेला घराचं दार. लिहिण्याच्या सोयीसाठी मुख्य माणसांना आम्ही आकडे दिले.

१ म्हणजे उघड्या अंगाचा, जानवं घातलेला, चाळिशीचा पुरुष. २ त्याच्या शेजारी जराशी मागे बसलेली, नथ घातलेली स्त्री. ३ मुंडावळ्या बांधलेला तरुण, अंगावर शेला. ४ त्याच्या जवळ बसलेली, मान खाली घातलेली, डोक्यावरून पदर घेतलेली मुलगी. ५ त्या दोघांच्या मागे उभी असलेली, दागिन्यांनी मढलेली, सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारी मुलगी. ६ तिच्या बाजूला उभा असलेला रुमाल बांधलेला पुरुष. ७ जरा कडेला बसलेला, अंगाभोवती उपरणं गुंडाळलेला, चष्मेवाला. खुर्च्यांवरच्या चौघांना मिळून ८. आणि दाराच्या चौकटीत अर्धवट दिसणारी, काळ्या वस्त्रातली बाई ती ९.

वाचनालयाच्या जुन्या पाकिटावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं: ‘विवाहविधी. पुरोहित (उघड्या अंगाचे), वर, वधू (उभी), अन्य पाहुणे मंडळी.’ म्हणजे १ भटजी, ३ नवरा, ५ नवरी आणि बाकी सगळे पाहुणे.

अडचण

नवऱ्या मुलाच्या नातवाला वडिलोपार्जित घराच्या दिवाणखान्यात आजी-आजोबांचा मोठा फोटो लावायचा होता. घरात लहानपणापासून त्याने एक छोटी तसबीर पाहिलेली. तीत याच फोटोतले ३ आणि ५ एवढेच कापून घेतलेले. तीच चौकट मोठी करून हवी, एवढीच त्याची मागणी होती.

त्याच सुमारास नवरीच्या माहेरच्या एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, वाचनालयात आल्या होत्या. टेबलावर फोटो पाहून त्या म्हणाल्या, “ही माझी आई. ही कशाला नवरी असेल? लग्न हिच्या मोठ्या बहिणीचं.” त्यांचं बोट ५ वर होतं. नातवाच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याचं म्हणणं सरळ होतं: “अहो, आम्ही तीन पिढ्या तिला आजी म्हणून हार घालतोय.”

गुंता आणखी एक होता. माहेरच्या घरी याच फोटोची दुसरी प्रत होती, पण वाळवीने खाल्ल्यामुळे तिचा फक्त मागचा पुठ्ठा उरला होता. त्यावर शाईने लिहिलेलं: ‘खुर्चीवर डावीकडून’, आणि पुढे चौघांची नाती. पहिले मुलाचे वडील, शेवटचे मुलीचे काका. आमच्याकडच्या प्रतीवर ही यादी लावली की मुलाचे वडील म्हणून जे गृहस्थ येत, त्यांच्याकडे पाहून आजी म्हणत, “हे तर आमचे अण्णाआजोबा. मुलीकडचे.” त्यावरून नातवाकडच्या मंडळींनी निष्कर्ष काढला की आजींची स्मृती दगा देते आहे, आणि मग त्यांच्या पहिल्या विधानालाही अर्थ नाही.

समोर असलेले मार्ग

जुनं पाकीट तसंच ठेवावं, हा सगळ्यात सोपा मार्ग. तो घेतला असता तर चुकीचं असण्याची शक्यता कळूनही चुकीची चौकट भिंतीवर गेली असती. दुसरा मार्ग आजींचं म्हणणं मानून टाकण्याचा. ५ त्यांची आई असेल तर त्या तिला ओळखणारच. पण त्यांनी आईला पाहिलं ते तिच्या तिशीनंतर, आणि फोटोतली मुलगी बारा-तेरा वर्षांची. शिवाय सख्ख्या बहिणी. त्या वयात एकीचा चेहरा दुसरीसारखा दिसणं काही नवलाचं नाही.

तिसरा मार्ग म्हणजे नोंदीत फक्त ‘विवाहसमारंभ, व्यक्ती अनिश्चित’ एवढंच लिहून मोकळं होणं. पुष्कळ संग्रह हेच करतात आणि पुरावा नसेल तर तेच योग्यही आहे. पण इथे फोटो स्वच्छ होता, विधी चालू असताना काढलेला होता, आणि विधीत कुणी कुठे बसायचं, कुणी काय हातात धरायचं हे ठरलेलं असतं. म्हणून आम्ही चौथा मार्ग घेतला: आठवणी आणि पाकिटावरची नोंद बाजूला ठेवून आधी फोटो स्वतंत्रपणे वाचायचा, आणि मग आठवणींशी ताडून पाहायचा.

पहिला टप्पा: फोटो सरळ आहे का?

माणसं ओळखण्याआधी डावं-उजवं तपासावं लागतं. काचेच्या निगेटिव्हवर एका बाजूला रसायनाचा थर असतो. छापताना ही बाजू कागदाला लागली तर फोटो सरळ येतो. उलटी बाजू लागली तर आरशातल्यासारखा उलटा येतो, आणि मध्ये काचेची जाडी आल्याने थोडा मऊ, म्हणजे धूसरही पडतो. आमच्याकडची प्रत जराशी मऊ होती. एवढ्यावरून काही ठरत नाही, पण शंका घ्यायला ते पुरेसं होतं.

मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन केल्यावर पहिली नजर २ च्या नाकाकडे गेली. नथ उजव्या नाकपुडीत. मराठी बायका नथ डाव्या नाकपुडीत घालतात. मग पदर. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरून जातो, इथे सगळ्याच बायकांचा उजव्या खांद्यावर होता. आमच्यातल्या एकीला त्यावरून आधी वाटलं होतं की गुजराती पाहुण्या असाव्यात, पण कासोटा स्पष्ट दिसत होता. मग मागच्या खुर्च्यांवरच्या कोटांकडे पाहिलं. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि वरचा खिसा डाव्या छातीवर असतो. इथे दोन्ही उलटं होतं.

आणि सगळ्यात पक्का पुरावा १ च्या अंगावर होता. त्याचं जानवं उजव्या खांद्यावरून डाव्या काखेखाली गेलेलं दिसत होतं. यालाच अपसव्य म्हणतात आणि ते पितरांच्या कर्मात असतं. लग्नात नांदीश्राद्ध असतं खरं, पण तेसुद्धा सव्यानेच होतं. मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यासमोर कुणी अपसव्य करून बसणं शक्यच नाही. फोटो उलटा छापलेला होता, यात आता शंका उरली नाही.

संगणकावर फोटो फिरवला आणि पुठ्ठ्यावरची यादी पुन्हा लावली. खुर्च्यांचा क्रम उलटला. ज्यांना आजी अण्णाआजोबा म्हणत होत्या ते आता शेवटच्या जागी, म्हणजे ‘मुलीचे काका’ या जागी आले. आजींनी माणूस बरोबर ओळखला होता. यादीही बरोबर होती. दोन्हींच्या मधला कागद उलटा होता.

नातवाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “ठीक आहे, पण त्याने आजी कुठे बदलते?” तो बरोबर बोलत होता. फोटो सरळ केल्याने काकांचा प्रश्न सुटला, नवरीचा नाही.

दुसरा टप्पा: कोणता क्षण आहे?

लग्न म्हणजे एकच प्रसंग नव्हे. सीमंतपूजन, गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी या प्रत्येक वेळी माणसं वेगवेगळ्या जागी असतात. अंतरपाटाच्या वेळी नवरीची आई बहुतेक घरांत समोर उभीच नसते, तुळशीपाशी किंवा गौरीहरापाशी असते. त्यामुळे त्या क्षणाच्या फोटोत जी बाई नवरीला चिकटून उभी दिसेल ती आई नसण्याचीच शक्यता जास्त. लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालणारा मुलगा तिचा भाऊ असतो. म्हणजे आधी क्षण ओळखला नाही तर जागेवरून नातं काढण्यात अर्थ नाही.

या फोटोत क्षण सांगणारी गोष्ट मधोमध होती, पण मूळ आकारात ती हातांच्या गर्दीत हरवलेली. स्कॅनमध्ये नीट पाहिल्यावर ३ ची ओंजळ, तिच्यावर ४ ची ओंजळ आणि त्यांच्या वर १ चा हात दिसला. खाली उथळ भांडं, बहुधा काशाचं. २ च्या हातात लांब तोटीची झारी, आणि ती हातांकडे झुकलेली. हे कन्यादान. धार सोडणारी ती नवरीची आई आणि वर हात धरणारा तो तिचा बाप, किंवा त्यांच्या जागी बसलेलं दुसरं जोडपं.

मुंज असू शकेल का, हेही तपासलं. मुंडावळ्या दिसल्या की लोक लग्न म्हणून मोकळे होतात, पण मुंजीत बटूलाही मुंडावळ्या बांधतात, आणि साठीशांतीला नवरा-बायकोलाही. इथे ओंजळींची रचना आणि झारी असल्यामुळे तो प्रश्न लवकर निकालात निघाला.

तिसरा टप्पा: भटजी कोण?

जुन्या नोंदीत १ ला पुरोहित म्हटलं होतं आणि ही चूक अतिशय सहज होते. उघडं अंग, जानवं, कपाळाला गंध, समोर पळी-पंचपात्र. आजच्या नजरेला हे सगळं भटजीचं वाटतं, कारण आज यजमान झब्बा घालून बसतो आणि सोवळं उरलं आहे ते भटजींपुरतं. त्या काळी कन्यादानाला बसणारा बाप सोवळं नेसून, उघड्या अंगानेच बसे. पंचपात्र त्याच्यासमोर असण्याचं कारणही तेच. आचमन आणि संकल्प यजमानाने करायचा असतो, म्हणून पळी-भांडं त्याच्यापुढे लागतं.

मग दोघांत फरक कशावरून करायचा? आम्हाला चार गोष्टी सापडल्या. १ च्या अनामिकेत गवताच्या पातीची अंगठीसारखी गाठ दिसते, ते दर्भाचं पवित्रक. नेसूचं वस्त्र चकाकतं आहे, ते रेशमी सोवळं, रोजचं धोतर नव्हे. त्याची बायको त्याला लागून बसली आहे आणि विधीत सामील आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा हात ओंजळींवर आहे. भटजी सांगतो, करतो यजमान.

७ कडे पाहिलं तर त्याचा कुणालाही स्पर्श नाही. तो मुख्य मंडळींना काटकोनात, जरा बाजूला बसला आहे. त्याच्या पुढ्यात जो पांढरा ठिपका वाटत होता ती मोठं करून पाहिल्यावर सुट्या, लांबट पानांची पोथी निघाली. बाकी सगळ्यांचे चेहरे स्थिर आणि त्याच्या ओठांपाशी मात्र धूसर. पट्टीवर प्रकाश पडू देण्याचा काळ अर्ध्या-एक सेकंदाचा जरी धरला तरी मंत्र म्हणणाऱ्याचे ओठ तेवढ्यात हलणारच. हा शेवटचा मुद्दा मला स्वतःला फार आवडला होता, पण गटातल्या ज्येष्ठांनी त्याला नोंदीत जागा दिली नाही. खोकणाऱ्याचे ओठही हलतात, असं त्यांचं म्हणणं. पोथी, बसण्याची दिशा आणि स्पर्शाचा अभाव यांवर ७ भटजी ठरला.

एरवी भटजी सापडलाच पाहिजे असं मानणंही धोक्याचं असतं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीशिवाय लग्नं लावली. १९५६ नंतरच्या बौद्ध विवाहांत पांढरे कपडे आणि बुद्ध-आंबेडकरांच्या प्रतिमा दिसतात, होम आणि भटजी नसतात. आणि पुण्यात शंकरराव थत्त्यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केल्यानंतरच्या फोटोंत पोथीपुढे बसलेली नऊवारीतली बाई नवरीची आत्या नसून गुरुजी असू शकते.

चौथा टप्पा: नवरी कोण?

ओंजळींची रचना लक्षात आल्यावर उत्तर जवळपास मिळालंच होतं. कन्यादानात नवऱ्याच्या ओंजळीत जिचा हात, ती नवरी. तो हात ४ चा होता. पण नातवाच्या घरच्यांचे तीन आक्षेप होते आणि ते फेटाळण्याऐवजी एकेक तपासावे लागले.

पहिला आक्षेप साडीचा. लग्नविधीत नवरीला पिवळी अष्टपुत्री असते, तिच्या मामाकडून आलेली. पिवळी साडी फोटोत उजळ दिसायला हवी. ५ ची साडी उजळ आहे, ४ ची जवळजवळ काळी. जुनी नोंद करणाऱ्यानेही बहुधा हाच विचार केला असावा. पण तेव्हाच्या साध्या काचपट्ट्यांना आपल्या डोळ्यांसारखे रंग दिसत नसत. निळा त्यांना लख्ख दिसे, लाल काळा पडे आणि पिवळाही फार गडद उतरे. आपली पट्टी तशी होती का, हे फोटोतच पाहता येतं: जिथे जिथे कपाळावरचं कुंकू दिसतं तिथे ते काळं ठिक्कर आहे. म्हणजे ४ ची गडद साडी पिवळी असायला काही हरकत नाही, आणि ५ ची उजळ साडी अस्मानी असू शकते. यावरून ४ ची साडी पिवळीच होती असं सिद्ध होत नाही. फक्त आक्षेपातली हवा जाते.

दुसरा आक्षेप मुंडावळ्यांचा. ५ च्या कपाळावर आडवी बारीक रेघ दिसते, ४ च्या कपाळावर पदर असल्याने काहीच दिसत नाही. मोठं करून पाहिलं तेव्हा ५ ची रेघ मध्यावर वर वळून भांगात गेलेली होती. ती बिंदीची साखळी. मुंडावळी कपाळावरून आडवी जाऊन मागे बांधतात आणि तिच्या दोन सरी कानांपाशी खाली लोंबतात. ५ च्या कानांपाशी काही लोंबत नव्हतं. ४ च्या गालाजवळ, पदराच्या काठाबाहेर, बारीक गोंड्याची एक सर आली होती. ती सापडली तेव्हा गटातला वाद संपला.

तिसरा आक्षेप: ४ च्या गळ्यात मंगळसूत्र नाही. नसणारच. ते कन्यादानानंतर बांधतात.

मग ५ कोण? तिच्या हातात नारळ ठेवलेला छोटा कलश आहे. हा कऱ्हा आणि तो धरून नवरीच्या मागे उभी राहणारी ती करवली, बहुधा नवरीची धाकटी बहीण. करवलीलाही नटवतात, नथ घालतात, नवी साडी नेसवतात. तिला खाली मान घालून बसायचं नसतं, हातात कऱ्हा धरून उभं राहायचं असतं. त्यामुळे फोटोत उठून दिसते तीच. तसबिरीसाठी कापणाऱ्याने बहुधा नवरा आणि ज्या मुलीचा चेहरा नीट दिसतो ती, असं कापलं असणार. आजींनी तिला आपली आई म्हणणं आणि तिच्या हातातला कऱ्हा, हे दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच जागी पोचतात. ६ नवरीच्या मागे उभा आहे, तो मामा असावा. अंतरपाटाला मामा तिच्यामागे उभा असतो आणि पुष्कळदा पुढेही तिथेच राहतो.

डाव्या-उजव्या बाजूचा पुरावा आम्ही मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवला. बहुतेक घरांत लग्न पूर्ण होईपर्यंत नवरी नवऱ्याच्या उजवीकडे आणि नंतर डावीकडे बसते. फोटो सरळ केल्यावर ४ खरंच ३ च्या उजवीकडे येते. पण उलट्या प्रतीवर हाच नियम लावला असता तर ‘डावीकडे बसली आहे, म्हणजे आधीच लग्न झालेली बायको, आणि हा विधी कोणत्या तरी पूजेचा’ असा भलताच निष्कर्ष निघाला असता. शिवाय शाखा आणि घराण्याप्रमाणे यात फरक असतो. इतर पुराव्याला दुजोरा म्हणून हा नियम चालतो, एकट्याने त्याच्यावर काही ठरवू नये.

पाचवा टप्पा: ‘पाहुणे’ कोण?

जुन्या नोंदीत उरलेले सगळे पाहुणे होते. खुर्च्यांवरचे चौघे पुठ्ठ्यावरच्या यादीमुळे नात्यासकट ओळखले गेले. राहिली ती दारातली ९.

तिला कुणी मोलकरीण म्हटलं, कुणी शेजारीण. ती कडेला आहे, अर्धी आत आहे, वस्त्र काळं आहे आणि डोक्यावरून घट्ट घेतलेलं आहे. पण याच पट्टीवर लाल रंग काळा येतो हे कुंकवावरून आम्हाला कळलेलं होतं. त्या काळच्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवा लाल अलवण नेसत आणि मंगलकार्यात पुढे येत नसत, दाराआडून पाहत. मग ९ घरातलीच एखादी मोठी बाई असण्याची शक्यता मोलकरणीइतकीच, कदाचित जास्त आहे. मांडवात कुणाला किती लांब उभं राहावं लागलं यावरून त्या माणसाचं नातं किती लांबचं, हे काढता येत नाही. या एका माणसाच्या बाबतीत तर अंतर नेमकं उलटी गोष्ट सांगत असावं. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “आमच्या घरी एक सोवळ्या आत्या होत्या, पण त्याच का, कसं सांगू?” आम्ही ‘घरातील स्त्री असण्याची शक्यता, ओळख अनिश्चित’ असं लिहिलं.

निष्पत्ती

नवी नोंद तीन पायऱ्यांत केली. १, २, ३, ४ आणि ७ यांच्या भूमिका निश्चित: यजमान, त्यांची पत्नी, नवरा, नवरी, भटजी. १ आणि २ नवरीचे आई-वडीलच, हे आजींच्या सांगण्यावरून आणि पुठ्ठ्यावरच्या नात्यांशी जुळल्यामुळे. ५ करवली आणि ६ मामा हे ‘बहुधा’. ९ अनिश्चित. प्रत्येक नावापुढे ती भूमिका कशावरून ठरवली तेही लिहिलं, म्हणजे पुढे कुणाला मतभेद असेल तर तो नेमका कुठे आहे हे कळेल. जुनं पाकीट फेकलं नाही. ते आत ठेवून नव्या पाकिटावर मऊ शिसपेन्सिलीने ‘प्रत उलटी छापलेली आहे’ असं आधी लिहिलं.

नातवाने आठवडाभराने फोन केला. त्याला आता कापलेली चौकट नको होती, सगळा फोटो हवा होता. कापायचा झाला तर ३ आणि ४ असा कापता आला असता, पण ४ चा चेहरा पदराखाली आहे. “निदान सगळ्यांच्यात तरी ती बसलेली दिसेल,” असं तो म्हणाला. जुन्या तसबिरीचं काय केलं ते मी विचारलं नाही. माहेरच्या आजींनी मात्र ३ आणि ५ च्या त्या छोट्या चौकटीची एक प्रत मागून घेतली. त्यांच्याकडे आईचा त्या वयाचा दुसरा फोटो नव्हता.

काय वेगळं करता येईल

आजींना पहिल्यांदा फोटो दाखवला गेला तेव्हा पाकीट टेबलावरच होतं आणि त्यावरचं ‘वधू (उभी)’ त्यांनी वाचलं असण्याची शक्यता आहे. त्यांचं पहिलं वाक्य त्या शब्दांना दिलेलं उत्तर होतं की स्वतःहून आलेली ओळख, हे आता सांगता येत नाही. आता आम्ही माणसांच्या बाह्यरेषांचं आकडे घातलेलं कोरं चित्र काढतो आणि घरच्यांना वेगवेगळं बसवून ‘हे कोण?’ एवढंच विचारतो. ‘ही नवरी ना?’ असं विचारलं की समोरचा माणूस हो म्हणतो.

डावं-उजवं तपासणं हे काम आता प्रत आली की पहिल्याच दिवशी होतं. नथ, पदर, कोटाचा खिसा, जानवं. यांतल्या किमान दोन गोष्टी उलट्या निघाल्या तरच फोटो फिरवायचा. एकटी नथ पुरत नाही, कारण उजव्या नाकपुडीत चमकी घालणारी दुसऱ्या प्रांतातली पाहुणी त्याच फोटोत असू शकते.

मूळ निगेटिव्ह शोधण्याचा प्रयत्न मात्र आणखी लवकर व्हायला हवा होता. स्टुडिओच्या मालाची पुष्कळ पेटारी भंगारात गेली, आणि काचा धुऊन खिडक्यांना बसवल्या गेल्या. ती पट्टी मिळाली असती तर डाव्या-उजव्याचा प्रश्न एका मिनिटात सुटला असता. शिवाय छापताना कडेला कापला गेलेला दाराचा बाकीचा भागही तिच्यावर असेल. ९ चा चेहरा त्यात पूर्ण दिसत असण्याची शक्यता आहे, म्हणून उरलेल्या पेटाऱ्यांची यादी करणं सध्या चालू आहे.